मुदत टळलेले ठराव आणि अध्यक्षांस द्यावयाचे टिपण



शाळा व्यवस्थापन समितीची सभा भरते, ठराव होतात, इतिवृत्त लिहिले जाते आणि पुढील महिन्याच्या सभेत तेच ठराव पुन्हा वाचले जातात. त्यांपुढे ‘पाठपुरावा करावा’ असे दोन शब्द लिहिले म्हणजे त्या महिन्यापुरते काम संपले, असे अनेक शाळांतून मानले जाते. असे ठराव दोन-तीन सभा तसेच पडून राहिले, म्हणजे सदस्य-सचिवाने, अर्थात मुख्याध्यापकाने, समितीच्या अध्यक्षांस लेखी टिपण द्यावे अशी अपेक्षा असते. हे टिपण कसे लिहावे आणि त्यात काय मागावे, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम टिपण कोणास द्यावयाचे आहे ते ध्यानी घेतले पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागी स्त्रिया असतात. अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो. म्हणजे टिपण वाचणारी व्यक्ती बहुधा शेतकरी, शेतमजूर किंवा लहानसा दुकानदार असते. ती कचेरीतील माणूस नसते. पुष्कळदा ती शाळेतील एखाद्या मुलीची आई असते आणि तिला मराठी वाचता येत असले, तरी सरकारी मराठी वाचण्याचा सराव नसतो. ‘विषयांकित प्रकरणी उपरोक्त ठरावान्वये’ असे आरंभलेले टिपण तिच्या हाती दिले, तर ती ते घडी घालून कपाटात ठेवील, आणि त्यात तिचा दोष नाही.

दुसरी गोष्ट अशी की, मुख्याध्यापक हा या समितीचा सचिव आहे. तो अध्यक्षांचा वरिष्ठ नाही, आणि अध्यक्षही त्याचे वरिष्ठ अधिकारी नव्हेत. त्यामुळे टिपणाचा सूर तक्रारीचा असून चालत नाही, तसा आज्ञेचाही असून चालत नाही. जे काम सचिवाच्या हातून होण्यासारखे नाही, ज्यास अध्यक्षांचा शब्द, स्वाक्षरी किंवा सभेतील निर्णय लागतो, तेवढेच टिपणात मांडावयाचे असते. जे सचिवाने स्वतः करावयाचे होते आणि केले नाही, ते टिपणात घालणे म्हणजे आपले ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे होय.

आता उदाहरणादाखल एक शाळा घेऊ. पहिली ते सातवीचे वर्ग, विद्यार्थी ब्याण्णव, त्यांत मुली सेहेचाळीस. जून महिन्याच्या २८ तारखेच्या सभेत दोन ठराव झाले. एक, मुलींच्या स्वच्छतागृहास ग्रामपंचायतीकडून नळजोडणी घ्यावी, मुदत ३१ जुलै. दुसरा, पश्चिमेकडील खोलीच्या भिंतीस व छतास तडे गेले आहेत, त्याबाबत गटशिक्षणाधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार करावा. याला मुदत घातली नव्हती. जुलैच्या २६ तारखेच्या सभेत फाटकापाशी पाणी साचते तेथे मुरूम टाकण्याचे ठरले, मुदत १० ऑगस्ट. याखेरीज मागील समितीच्या काळातील एक ठराव वहीत होता. दात्याकडून दूरचित्रवाणी संच मिळवावा, असा तो ठराव. ३० ऑगस्टच्या सभेत चारही ठराव वाचले गेले आणि चारहींपुढे ‘पाठपुरावा करावा’ असेच लिहिले गेले.

सप्टेंबरच्या मध्यावर मुख्याध्यापक टिपण लिहावयास बसतात. इतिवृत्ताची वही पुढे घेऊन त्यातील चार ठराव कागदावर उतरवून काढणे, ही पहिली चूक येथेच होते. ठराव का अडला हे वहीत लिहिलेले नसते. ते जाग्यावर जाऊन, संबंधितांस विचारून समजून घ्यावे लागते. या शाळेच्या मुख्याध्यापकांनी तसे केले, तेव्हा चारही ठराव चार निरनिराळ्या कारणांनी अडले होते असे दिसले.

नळजोडणीचे पाहा. ठरावात ‘ग्रामपंचायतीने करावे’ असे शब्द होते. ग्रामपंचायत ही या समितीची सदस्य नाही, तिच्यावर समितीचा ठराव बंधनकारकही नाही. समितीपैकी कोणी सरपंचांकडे जावयाचे हे लिहिले नव्हते, म्हणून कोणीच गेले नाही. मुख्याध्यापक स्वतः गेले, तेव्हा सरपंचांनी जोडणीस हरकत नाही असे तत्काळ सांगितले. पण पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने सहज बोलता बोलता एक गोष्ट सांगितली. त्या बाजूस पाणी सकाळी सहा ते सातच येते. शाळा भरते साडेदहाला. म्हणजे ठराव मुदतीत पार पडला असता, नळ बसला असता, वहीत ‘कार्यवाही पूर्ण’ अशी नोंद झाली असती, आणि स्वच्छतागृह कोरडेच राहिले असते. समितीस हवे होते पाणी आणि ठराव झाला होता नळाचा. आता नळाबरोबर साठवणाची टाकीही हवी होती. दर मुलीमागे दिवसाला दहा लिटर धरले, तर सेहेचाळीस मुलींस चारशे साठ लिटर लागतात. तेव्हा पाचशे लिटरची टाकी पुरेशी होती. टाकी, नळ आणि गवंड्याची मजुरी मिळून गावच्या कारागिराने सहा हजार आठशे रुपये सांगितले. एकतीस ते शंभर विद्यार्थ्यांच्या शाळेस समग्र शिक्षेतून वर्षाला पंचवीस हजारांपर्यंत संयुक्त अनुदान मिळू शकते, आणि त्याचा निदान दहावा भाग स्वच्छतेवर खर्च व्हावा असा दंडकच आहे. या शाळेच्या खात्यात त्यापैकी पुरेशी रक्कम शिल्लक होती. अडचण पैशाची नव्हती. तो खर्च करावा असे समितीने म्हणावयाचे राहिले होते.

ठराव न झाल्याने काय बिघडले, हेही मुख्याध्यापकांनी मोजून पाहिले. ही गोष्ट मात्र फारच थोड्या टिपणांत आढळते. सहावी-सातवीत मिळून अकरा मुली. सहा दिवस मधल्या सुट्टीनंतर त्यांची मोजदाद केली. त्यांपैकी पाच जणी सुट्टीत घरी जात आणि रोज सरासरी तीन परत येत नसत. हजेरी सकाळीच घेतली जात असल्याने पटावर त्या हजर दिसत. विचारले असता मुलींनी काही सांगितले नाही, एकीच्या आईने सांगितले. ‘मुलींची गैरसोय होते’ असे टिपणात लिहिले असते, तर अध्यक्षांनी मान हलविली असती. ‘रोज तीन मुली दुपारचे शिक्षण गमावतात’ हे वाचल्यावर त्यांना पुढचा प्रश्न सुचतोच, आणि तो हवाच असतो.

भिंतीचे प्रकरण अधिक गंभीर आणि अधिक बोधक आहे. ठराव होता ‘पत्रव्यवहार करावा’. पत्र ३ जुलैस लिहिले गेले, जावक नोंदवहीत त्याची नोंद झाली आणि पंचायत समितीत कामानिमित्त जाणाऱ्या एका गृहस्थांच्या हाती ते देण्यात आले. ठराव शब्दशः पुरा झाला होता, म्हणून मुदत टळलेल्या ठरावांत त्याची गणना करण्याचे कोणाच्या मनातही नव्हते. १८ ऑगस्टला छताचा गिलावा पडला. सुदैवाने त्या वेळी मुले मैदानावर होती. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी खोलीस कुलूप घालून पाचवीचा वर्ग व्हरांड्यात बसविला आणि स्मरणपत्र पाठविले. सप्टेंबरात ते स्वतः कचेरीत गेले, तेव्हा आवक नोंदवहीत पहिले पत्र मुळीच आढळले नाही. स्मरणपत्र मात्र होते. त्यावर लिपिकाने शिसपेन्सिलीने लिहिले होते, ‘मूळ पत्र जोडावे.’ ज्याची वाट पाहिली जात होती ते पत्र कचेरीत पोचलेच नव्हते. कचेरीने उत्तर दिले नाही, ही तक्रार एकोणऐंशी दिवस मनात धरली गेली, आणि ती बहुतांशी चुकीची होती.

म्हणून बाहेरच्या कचेरीकडे अडलेले कोणतेही काम टिपणात घालण्यापूर्वी, पत्राच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक व तारीख आहे की नाही हे पाहावे. नसेल, तर पत्र गेले असे धरू नये. आणि ठराव लिहितानाच ‘पत्र पाठवावे’ असे न लिहिता ‘बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याकडून खोलीची तपासणी व्हावी’ असे लिहावे. मग पत्र गेल्याने ठराव पुरा होत नाही, तपासणी झाल्यानेच होतो.

तड्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘तडे वाढत आहेत’ या वाक्यास कचेरीत किंमत नसते, कारण प्रत्येक पत्रात ते असते. तड्याच्या टोकाशी शिसपेन्सिलीने रेघ ओढून तारीख घालावी. तड्यावर आडवी, बोटभर रुंदीची सिमेंटची किंवा प्लास्टरची पातळ पट्टी लावून तिच्यावरही तारीख लिहावी. टोक रेघेपुढे गेले किंवा पट्टी तडकली, तर भिंत हलत आहे. पट्टी महिनोन्‌महिने अखंड राहिली, तर तडा जुना असून स्थिर असण्याचा संभव अधिक. तथापि खोली वापरावी की नाही याचा निर्णय केवळ पट्टीवर करावयाचा नसतो, तो अभियंत्याचा आहे. खोली दुरुस्त करावयाची की तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवावयाचा, हेही तोच ठरवील. त्यामुळे शाळेने टिपणात किंवा पत्रात ‘नवी खोली मंजूर व्हावी’ अशी मागणी न करता तपासणीच मागावी. या शाळेत ऑगस्टच्या आरंभी ओढलेल्या रेघेपुढे तडा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वीतभर सरकला होता.

येथे एक गोष्ट निक्षून सांगावी लागते. धोकादायक खोली बंद करण्यास टिपणाची, सभेची किंवा अध्यक्षांच्या संमतीची वाट पाहावयाची नसते. राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे २५ जुलै २०२५ रोजी सकाळी सरकारी शाळेच्या इमारतीचा भाग कोसळून सात मुले मृत्युमुखी पडली. खोली आधी बंद होते, टिपण मागाहून लिहिले जाते. टिपण लिहून ठेवले म्हणजे जबाबदारी संपली असे समजून मुले त्याच खोलीत बसविणे, यासारखा टिपणाचा दुरुपयोग दुसरा नाही.

मुरुमाच्या ठरावाची अडचण निराळीच होती, आणि ती नाजूक होती. तो ठराव खुद्द अध्यक्षबाईंच्या नावावर होता. त्यांचे दीर ट्रॅक्टर चालवितात, त्यांना सांगून दोन खेपा टाकवून घेते, असे त्यांनीच सभेत म्हटले होते. पुढे घरात काही वाद झाला आणि त्या दिरांना काही सांगू शकल्या नाहीत. अशा वेळी सचिव दोन मार्ग चोखाळतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. काही जण तो ठराव टिपणातून गाळतात. मग इतर सदस्य म्हणतात, अध्यक्षांचे काम राहिले तर चालते. काही जण तो पहिला लिहून त्याखाली रेघ ओढतात. योग्य मार्ग असा की, तो ठराव इतर ठरावांच्या बरोबरीने, त्याच शब्दांत, त्याच्या महत्त्वाप्रमाणे जागा देऊन लिहावा आणि त्यासोबत बाईंना सुटकेची वाट द्यावी. येथे ती वाट सोपी होती, काम दुसऱ्या सदस्याकडे सोपवावे. मात्र हे त्यांनी टिपणात पहिल्यांदा वाचता कामा नये. टिपण देण्यापूर्वी मुख्याध्यापक त्यांच्या घरी गेले. ओसरीवर बसून त्यांनी चारही मुद्दे तोंडी सांगितले आणि मग कागद दिला. बाई म्हणाल्या, “गुरुजी, मुरुमाचं माझ्याच्यानं होणार नाही. पण हे सभेत कसं सांगू, म्हणून गप्प होते.” एकेचाळीस दिवसांच्या विलंबाचे कारण एवढेच होते.

दूरचित्रवाणीच्या ठरावाबद्दल फार सांगावयास नको. दाता कोण हे ठाऊक नव्हते, मुदत नव्हती, ठराव करणारी समितीही राहिली नव्हती. असे ठराव दर सभेत वाचल्याने एकच होते, सदस्यांस न झालेली कामे ऐकण्याची सवय लागते, आणि मग भिंतीचा ठरावही ते त्याच कानांनी ऐकतात. तो रीतसर बंद करावा असे सुचविणे हाच त्यावरील उपाय.

या सर्व चौकशीनंतर लिहिलेले टिपण पुढे दिले आहे. ते एका पानात मावते. चौकशीत जे जे कळले ते सारे त्यात नाही. पत्र कसे हरवले, दिरांशी काय झाले, यांचा त्यात उल्लेख नाही. निर्णयास जेवढे लागते तेवढेच आहे.

“मा. अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती, यांस सादर. दिनांक २० सप्टेंबर.

विषय: मागील सभांतील मुदत टळलेली कामे.

चार कामे राहिली आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन कामांस २७ सप्टेंबरच्या सभेपूर्वी आपला निर्णय हवा आहे.

एक. पश्चिमेकडील खोली. ठराव २८ जूनचा. छताचा गिलावा पडल्यामुळे १८ ऑगस्टपासून खोली बंद असून पाचवीचा वर्ग व्हरांड्यात बसतो. भिंतीचा तडा वाढत आहे, त्याच्या खुणा तारखांसह भिंतीवर आहेत. अभियंत्याची तपासणी अद्याप झालेली नाही. पूर्वीचे पत्र कचेरीत नोंदले गेलेले नाही. आपल्या स्वाक्षरीचे नवे पत्र सोबत जोडले आहे. सोमवार दिनांक २२ रोजी ते समक्ष देऊन आवक क्रमांक घ्यावा, यासाठी आपली स्वाक्षरी व शक्य झाल्यास आपण सोबत येणे आवश्यक आहे. पंधरा दिवसांत तपासणी न झाल्यास हेच पत्र शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद यांस पाठविण्यास आपली संमती असावी.

दोन. मुलींच्या स्वच्छतागृहाचे पाणी. मुदत ३१ जुलै, आज ५१ दिवस झाले. सहावी-सातवीच्या अकरा मुलींपैकी रोज सुमारे तीन मुली दुपारी शाळेत परत येत नाहीत. नळास सकाळी सहा ते सात एवढाच वेळ पाणी येते, म्हणून नळाबरोबर ५०० लिटरची टाकी हवी. एकूण खर्च रुपये ६,८००, संयुक्त अनुदानात शिल्लक आहे. जोडणीस सरपंचांची तोंडी संमती मिळाली आहे, लेखी संमती मिळवावयाची आहे. हा खर्च सभेपुढे मंजुरीसाठी ठेवण्यास आपली संमती हवी, तसेच सरपंचांकडे कोणी जावे ते आपण ठरवावे.

तीन. फाटकापाशी मुरूम. मुदत १० ऑगस्ट, आज ४१ दिवस झाले. जबाबदारी अध्यक्षांकडे होती. हे काम दुसऱ्या सदस्यांकडे द्यावे किंवा नवी मुदत ठरवावी.

चार. दूरचित्रवाणी संच. ठराव मागील समितीचा, दाता निश्चित नाही. हा ठराव बंद करावा, असे सुचविण्यात येते.

सदस्य-सचिव.”

या टिपणाकडे बारकाईने पाहिले, तर काही गोष्टी लक्षात येतील. कामांचा क्रम विलंबाच्या दिवसांवर लावलेला नाही. तसा लावला असता, तर दूरचित्रवाणी पहिली आली असती. काम आणखी महिनाभर न झाल्यास काय होईल, यावर क्रम ठरविला आहे. प्रत्येक मुद्द्याचे शेवटचे वाक्य म्हणजे मागणी आहे, आणि ती अध्यक्षांनी ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणावे इतकी स्पष्ट आहे. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ हे वाक्य कोठेही नाही. त्या वाक्याने लिहिणाऱ्याची सुटका होते, वाचणाऱ्यास मात्र काय करावयाचे ते कळत नाही. आणि कोणाविषयीही विशेषण नाही. ‘वारंवार सांगूनही’, ‘खेदाने नमूद करावे लागते’ ही आपल्या कचेऱ्यांची आवडती पदे. त्यांनी काम हलत नाही, माणूस मात्र दुखावतो.

टिपणाची प्रत वरिष्ठांस पाठवावी की काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. तपासणीची तारीख जवळ आली की काही शाळांतून अशी टिपणे घाईने तयार होतात आणि त्यांखाली ‘प्रत माहितीस्तव’ म्हणून चार अधिकाऱ्यांची नावे येतात. अध्यक्षांस ते तिसऱ्याकडून कळते. ज्या पालकाने एवढा काळ शाळेसाठी आपला रोजगार बुडविला, त्यास आपली तक्रार वर गेली असे वाटल्यावर तो पुन्हा सभेस आनंदाने येत नाही. वरील टिपणात प्रत कोणासही नाही. एकच बाब वर जावयाची आहे, ती म्हणजे खोलीची, आणि तीही अध्यक्षांच्या स्वाक्षरीने, त्यांना आधी विचारून, ठरावीक दिवसांनंतर. असे केले म्हणजे वरचे पत्र अध्यक्षांविरुद्ध जात नाही, त्यांचेच होऊन जाते. पालकांच्या प्रतिनिधीने स्वतः कचेरीत येऊन दिलेले पत्र बाजूस ठेवणे, शिक्षकाचे पत्र बाजूस ठेवण्याइतके सोपे नसते, हेही खरे.

या मार्गास मर्यादा आहेत, त्या लपवू नयेत. प्रत्येक उशिरासाठी टिपण देऊ लागल्यास त्याचे मोल राहत नाही. मुदत टळली, जबाबदार व्यक्तीस एकदा समक्ष आठवण दिली, त्यानंतरची एक सभाही तशीच गेली, मगच टिपण. सुरक्षिततेची बाब असेल तर मात्र यांपैकी कशाचीही वाट पाहू नये. दुसरी मर्यादा अशी की, टिपणाने जिल्हा परिषदेचा निधी निर्माण होत नाही. अभियंता पंधरा दिवसांत येईल, परंतु दुरुस्तीची मंजुरी वर्षभर लांबणे शक्य आहे. तेव्हा व्हरांड्यातील वर्गाची सोय काय, हा प्रश्न समितीपुढे वेगळा ठेवावा लागतो. आणि अध्यक्षांनी स्वाक्षरीच नाकारली, तर? तर सचिवाने टिपण सभेपुढे वाचून दाखवावे आणि ते इतिवृत्तात घ्यावे. त्यापुढील अधिकार समितीचा आहे, एकट्या सचिवाचा नाही. खोलीच्या बाबतीत मात्र मुख्याध्यापक स्वतःच्या पदाच्या अधिकाराने गटशिक्षणाधिकाऱ्यांस लिहू शकतो आणि त्याने लिहिलेच पाहिजे.

उदाहरणातील शाळेत २२ सप्टेंबरला अध्यक्षबाई आणि मुख्याध्यापक एस. टी. ने तालुक्याच्या गावी गेले. पत्र देऊन स्थळप्रतीवर आवक क्रमांक घेतला. लिपिकाने स्मरणपत्र शोधून या पत्रास जोडले. २७ तारखेच्या सभेत टाकीचा खर्च मंजूर झाला आणि सरपंचांकडे दोन पालक-सदस्यांनी जावे, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय मांडून लेखी संमती घ्यावी, असे ठरले. त्या वेळी एका सदस्याने विचारले की, टाकी सकाळी सहा वाजता भरेल, पण भरली की नळ बंद कोण करणार? शाळेत तेव्हा कोणी नसते. टिपण लिहिताना हा प्रश्न कोणास सुचला नव्हता. टाकीत तरंगता चेंडू बसवून पाणी आपोआप थांबवावे, त्यास दोनशे रुपये जास्त लागतील, असे कारागिराने सांगितले आणि ठरावातील रक्कम रुपये ७,००० अशी दुरुस्त झाली.

मुरूम टाकण्याचे काम सातवीच्या एका मुलाच्या वडिलांनी घेतले. दूरचित्रवाणीचा ठराव बंद झाला. इतिवृत्ताच्या वहीत या वेळी प्रत्येक ठरावापुढे तीन गोष्टी लिहिल्या गेल्या: करणाऱ्याचे नाव, तारीख, आणि काम पुरे झाले हे कशावरून ओळखावयाचे. पाण्याच्या ठरावापुढील तिसऱ्या रकान्यात ‘नळ बसला’ असे लिहिलेले नाही. तेथे लिहिले आहे, ‘दुपारी दोन वाजता स्वच्छतागृहाच्या नळास पाणी येते; सातवीच्या वर्गशिक्षिकांनी आठवडाभर पाहून स्वाक्षरी करावी.’